‘पाहिजे’ आणि ‘अडतं’

‘मॉस्को’ म्हटलं की डोळ्यांसमोर रशिया, बर्फ आणि लाल चौक येतो. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या तासाला सरांनी ‘मॉस्को मेथड’ असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा शेवटच्या बाकावरून कुणीतरी ‘सर, व्हिसा लागेल का?’ असं विचारलंही होतं. हा मॉस्को वेगळा. 1994 साली ऑरॅकल कंपनीच्या इंग्लंडमधल्या शाखेत काम करणाऱ्या डाय क्लेग यांनी मागण्यांची वर्गवारी करायची ही पद्धत सुचवली. मस्ट, शुड, कुड आणि वोन्ट या चार शब्दांची पहिली अक्षरं घेतली आणि उच्चार करता यावा म्हणून मधे दोन ‘ओ’ घातले. पुढे डीएसडीएम नावाच्या कार्यपद्धतीने ती उचलली आणि तिला नियमांची चौकट दिली.

परीक्षेत हा प्रश्न पाच मार्कांना येतो आणि पाठ करून पाचपैकी चार मिळतात. मलाही मिळाले. पण मस्ट म्हणजे काय हे मला कळलं ते पहूरला, एका दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर, सकाळी साडेसहा वाजता. आपल्या कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक पान कमी आहे असं माझं मत आहे. ते कुठलं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आमच्या चौघांच्या ग्रुपमधला एक जण पहूरचा. जामनेर तालुक्यातलं, जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. त्याचे काका जवळच्याच एका दूध संकलन केंद्राचे सचिव आहेत. त्यांचा सगळा हिशेब वहीत चाले. सकाळ-संध्याकाळ साठेक उत्पादक दूध घेऊन येतात. लिटर मोजायचे, फॅट आणि एसएनएफ काढायचं, दरपत्रकात दर बघायचा, वहीत लिहायचं आणि दर दहा दिवसांनी प्रत्येकाचं बिल करायचं. आम्ही ठरवलं की मिनी प्रोजेक्ट म्हणून याचंच सॉफ्टवेअर करू. हाताशी आठ आठवडे होते. लेक्चर आणि प्रॅक्टिकल सांभाळून प्रत्येकाने आठवड्याला दोन दिवस द्यायचे, म्हणजे चौघांचे मिळून 64 दिवस. मागण्या गोळा करायच्या आणि त्यांचा क्रम लावायचा हे काम माझ्याकडे आलं. पुस्तकी भाषेत मी प्रॉडक्ट ओनर झाले.

पहिल्या बैठकीत मी वही उघडून विचारलं, ‘तुम्हाला काय काय पाहिजे?’ चेअरमनसाहेबांना मोबाइलवर रोजच्या दुधाचे आलेख पाहिजे होते. सचिवकाकांना पशुखाद्याची उधारी बिलातून आपोआप कापून पाहिजे होती, आणि फॅटचं मशीन थेट कॉम्प्युटरला जोडून पाहिजे होतं. संकलन करणाऱ्या दादाला प्रत्येक पाळीचा गोषवारा पाहिजे होता. ओट्यावर दोन उत्पादक बसले होते, त्यांना विचारलं. एकाला मोबाइलवर मेसेज पाहिजे होता. दुसरा म्हणाला, ‘भाऊ, आम्हाले चिठ्ठी भेटली पाहिजे, बस.’ एकूण पंधरा मागण्या झाल्या. रूमवर येऊन मी अंदाज मांडले, 82 दिवसांचं काम निघालं. मग प्रत्येकीपुढे एम, एस, सी, डब्ल्यू लिहायला बसले. अकरा मागण्यांपुढे एम आला. नुसत्या त्या अकरांचेच 70 दिवस होत होते.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. हातात 64 दिवस आणि ‘याशिवाय चालणारच नाही’ अशा गोष्टी 70 दिवसांच्या, याचा अर्थ एकच होतो. आपण क्रम लावलेलाच नाही, फक्त मागण्यांची यादी उतरवून घेतली आहे. डीएसडीएमचा सल्ला आहे की मस्टचं काम एकूण श्रमाच्या साठ टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये आणि कुडसाठी साधारण वीस टक्के ठेवावेत. इथे टक्के मागण्यांच्या संख्येचे नाहीत, श्रमाचे आहेत. पाच मस्ट असले आणि ते सगळा वेळ खात असले तरी यादी बिघडलेलीच असते. पण आम्ही उत्साहात होतो. ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी, या अलिखित नियमाने चेअरमनसाहेबांचे आलेख हाती घेतले. शिवाय आलेख दिसायला छान असतात आणि गाइडला दाखवताही येतात!

दोन आठवड्यांनी, म्हणजे 16 दिवस खर्च करून, आम्ही पहूरला गेलो. सोबत दूध नोंदवायचा तयार स्क्रीन होता आणि अर्धवट आलेख होते. सकाळची पाळी सुरू झाली. आमच्यातला एक जण कॉम्प्युटरवर बसला. रांगेत एक आजी होत्या, त्यांचं दूध 5.4 लिटर भरलं. त्याने गडबडीत टाइप केलं 54 आणि एंटर दाबलं. झालं! नोंद दुरुस्त करायची सोयच आम्ही केली नव्हती, कारण ती कुणी मागितलीच नव्हती. मागे रांग, कॅन खाली ठेवून उभी माणसं, आम्ही चौघं स्क्रीनभोवती. पाच मिनिटांनी लाइट गेले. काकांनी काही न बोलता खणातून वही काढली आणि पेनाने 54 च्या जागी 5.4 लिहून पुढचा नंबर पुकारला. आजी निघताना म्हणाल्या, ‘पोरी, तुमच्या मशिनीत चूक झाली तर मी भांडण कोनाशी करू?’

परतीच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. मला मात्र एक गोष्ट खुपत होती. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मनातल्या मनात मराठीचं इंग्रजी करायची खोड आहे. बैठकीत ज्याने ‘पाहिजे’ म्हटलं त्याच्यापुढे मी मस्ट लिहिलं होतं. पण मराठीत चहा पाहिजे असतो, पेन पाहिजे असतं आणि ऑक्सिजनही पाहिजेच असतो. इच्छा, गरज आणि सक्ती हे तिन्ही अर्थ या एका शब्दात मावतात. मस्टला मराठी शब्द ‘पाहिजे’ नाही. तो आहे ‘अडतं’. काय नसलं तर काम अडतं? काय नसलं तर वहीने किंवा पेनाने भागतं?

पुढच्या भेटीत मी प्रश्न बदलला. प्रत्येक मागणीला विचारायचं की वापर सुरू होईल त्या दिवशी हे नसेल तर अडतं का, आणि अडत नसेल तर तोवर कसं भागवता? डीएसडीएमचीही हीच कसोटी आहे. हाताने करायचा काही पर्याय असेल, मग तो कितीही त्रासाचा असो, तर ती मागणी मस्ट नाही. प्रश्न बदलताच उत्तरंही बदलली. आलेख नसले तर? चेअरमनसाहेब हसून म्हणाले, ‘आजवर कुठे होते?’ पशुखाद्याची उधारी आपोआप कापली गेली नाही तर? काका म्हणाले, ‘दर दहा दिवसांनी तीन तास बसून हाताने वजा करतो, तसाच करीन.’ त्रास आहे, पण अडत नाही, म्हणजे शुड. मेसेज गेला नाही तर? चिठ्ठी असली तर भागतं, म्हणजे कुड. आणि चिठ्ठीच नसली तर? इथे ओट्यावरचे सगळे एकदम बोलायला लागले. लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर हे चार आकडे हातात कागदावर पडल्याशिवाय कुणी कॅन रिकामा करणार नव्हतं. ही मागणी बैठकीत सर्वांत हळू आवाजात आली होती आणि अडत होतं ते नेमकं तिच्यावाचून.

दोन मागण्या नव्याने जमा झाल्या, दोन्ही त्या सकाळी शिकलेल्या. एक, चुकलेली नोंद दुरुस्त करणं. दुसरी लाइटची. आमच्यातला एक जण म्हणाला की बॅटरीवर चालणारी वेगळी यंत्रणा लागेल. पण अडतं का हे विचारल्यावर दिसलं की लाइट गेल्यावर वही आहेच. अडतं ते नंतर, कारण वहीतली सकाळची पाळी दुपारी कॉम्प्युटरमध्ये चढवता येत नाही. म्हणजे हवी होती मागच्या वेळेची नोंद करायची सोय, जी दोन दिवसांत होते. ‘लाइट गेले तरी चाललं पाहिजे’ या मोठ्या मागणीच्या आत हा एवढासा मस्ट दडलेला होता. कसोटीचा हा फायदा मला कुठल्या पुस्तकात दिसला नाही. ती मागण्यांना नुसतं गाळत नाही, त्या सोलून आतला गाभाही दाखवते.

उरलेल्या 48 दिवसांपुढे आता 16 मागण्या होत्या आणि त्यांचं काम 71 दिवसांचं होतं. मस्टमध्ये सात आल्या: उत्पादकांची यादी, तारखेप्रमाणे दरपत्रक, चिठ्ठी, नोंद-दुरुस्ती, मागची नोंद, दहा दिवसांचं बिल आणि पेनड्राइव्हवर बॅकअप. मिळून 27 दिवस, म्हणजे 56 टक्के. शुडमध्ये तीन मागण्यांचे 10 दिवस, कुडमध्ये तीनांचे 11. आणि वोन्टमध्ये तीन: चेअरमनसाहेबांचे मोबाइलवरचे आलेख, फॅट मशीनची जोडणी आणि दिवाळीच्या फरकाचा तक्ता. त्या तिन्हींचे 23 दिवस.

पण एवढ्याने काम संपत नाही, कारण सात मस्टपैकी आधी कुठलं हे मॉस्को सांगत नाही. चार डबे करून देतो, डब्यातला क्रम देत नाही. बिल हा मस्ट आहे खरा, पण वापराच्या पहिल्या दिवशी बिल लागत नाही, दहाव्या दिवशी लागतं. दरपत्रक मात्र पहिल्या चिठ्ठीच्या आधी लागतं, आणि तेही तारखेप्रमाणे, नाहीतर आज दर बदलला की मागच्या आठवड्याची बिलंही बदलतात. म्हणून यादी, दरपत्रक, चिठ्ठी, दुरुस्ती, मागची नोंद, बॅकअप आणि शेवटी बिल अशी एकाखाली एक रांग लावली. स्क्रम गाइडमध्ये 2011 साली बॅकलॉगला ‘प्रायोरिटाइज्ड’ म्हणायचं सोडून ‘ऑर्डर्ड’ म्हणायला सुरुवात झाली, त्यातली खोच तेव्हा लक्षात आली. दोन मागण्या ‘सारख्याच महत्त्वाच्या’ असू शकतात, पण रांगेत एकाच जागी दोघं उभे राहू शकत नाहीत.

शुड आणि कुडमधल्या मागण्यांसाठी आम्ही सोपा हिशेब केला. दहा दिवसांत किती मिनिटं वाचतात त्याला कामाच्या दिवसांनी भागायचं. उधारी कापण्याने 180 मिनिटं वाचतात, काम चार दिवसांचं, भागाकार 45. पाळीच्या गोषव्याऱ्याने वीस पाळ्यांत प्रत्येकी दहा, म्हणजे 200 मिनिटं, काम पाच दिवसांचं, भागाकार 40. महिन्याच्या अहवालाने दहा दिवसांमागे 20 मिनिटं, काम तीन दिवसांचं, भागाकार सातच्या आत. आणि यादीच्या तळाशी एक मागणी होती, जुनी चिठ्ठी शोधणं. परवाच्या फॅटवरून वाद झाला की वहीची पानं उलटण्यात रोज वीसेक मिनिटं जात. म्हणजे दहा दिवसांत 200 मिनिटं आणि काम फक्त एका दिवसाचं. भागाकार 200! जिच्यासाठी कुणी आवाज चढवला नव्हता ती मस्टनंतर लगेच पहिल्या नंबरावर आली.

या हिशेबावर किती विसंबायचं हेही कळायला हवं. मिनिटं अंदाजाने घेतलेली आहेत. त्यामुळे 200 आणि 45 मधला फरक खरा मानायचा, 45 आणि 40 मधला मानायचा नाही. तिथे माणसांना विचारायचं. दुसरं म्हणजे काही गोष्टींची किंमत दिवसागणिक सारखी नसते. दिवाळीच्या फरकाचा तक्ता फेब्रुवारीत शून्य किमतीचा, दिवाळीच्या आधल्या आठवड्यात सोन्याचा. म्हणून तो वोन्टमध्ये गेला, आणि वोन्टचा पूर्ण अर्थ ‘या वेळी नाही’ असा आहे, ‘कधीच नाही’ असा नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी आणि तिथे भागाकार चालत नाही. नोंद-दुरुस्तीवरून काका आणि उत्पादकांचं जुळेना. काकांचं म्हणणं, चूक दुरुस्त केली की जुना आकडा पुसून टाका, तो दिसला की उगाच शंका घेतात. उत्पादकांचं म्हणणं, आकडा बदलला तर जुना किती होता आणि कधी बदलला हे चिठ्ठीवर दिसलं पाहिजे. दोघांचंही खरं होतं. यात मिनिटं वाचत नव्हती, प्रश्न होता की सॉफ्टवेअरने विश्वास कुणाचा राखायचा. पुसून टाकणं सोपं होतं, एक दिवस कमी लागला असता. पण आजींचा प्रश्न मला आठवला. वहीत काट मारली तरी खालचा आकडा दिसतो, मग आमच्या ‘सुधारणे’ने तेवढीही सोय काढून घ्यायची का? मी जुना आकडा ठेवायचं ठरवलं आणि काकांना जाऊन स्पष्ट सांगितलं. ते दोन दिवस नाराज होते. नंतर म्हणाले, ‘बरं झालं. आता माझ्यावरही कोणी बोट ठेवणार नाही.’

क्रम लावणं हे तांत्रिक काम वाटतं, पण क्रमात कुणाची तरी बाजू घेतलेली असते. पहूरवरून वाहणारी वाघूर नदी ओलांडताना मला आपल्या राज्याच्या पाण्याची यादी आठवली. महाराष्ट्राच्या 2003 च्या जलनीतीत पहिला नंबर पिण्याच्या पाण्याचा, दुसरा उद्योगांचा आणि तिसरा शेतीचा होता. बरीच टीका झाल्यावर 2011 साली सरकारने शेती दुसऱ्या नंबरावर आणि उद्योग तिसऱ्यावर नेले. पिण्याचं पाणी हा मस्ट, त्यावर कुणाचा वाद नव्हता. वाद होता तो पुढच्या दोन ओळींचा. धरण भरलेलं असताना या यादीकडे कुणी बघत नाही. पाणी कमी पडलं की तीच यादी ठरवते तोटी कुणाची बंद होणार. बॅकलॉगचंही तसंच आहे. वेळ पुरेसा असेपर्यंत कुठलाही क्रम चालतो, कमी पडला की क्रमच निर्णय करतो.

आमचाही वेळ कमी पडला. युनिट टेस्ट पुढे सरकल्या आणि एक अख्खा आठवडा, म्हणजे 8 दिवस गेले. पण या वेळी धावपळ झाली नाही. रांगेच्या शेवटचे दोन कुड गळले, मेसेज आणि महिन्याचा अहवाल. पाच अधिक तीन, बरोबर 8 दिवस. मेसेजची तर तशीही अडचण होती, कारण दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. मस्टला धक्का लागला नाही, कारण कुडचे ते दिवस आम्ही आधीपासून गळू शकणारे म्हणूनच धरले होते. मस्टने शंभर टक्के वेळ खाल्ला असता तर त्या आठवड्यात चिठ्ठी किंवा बिल यांपैकी एक तरी बुडालं असतं.

सर्वांत अवघड काम मात्र कोडिंगचं नव्हतं. ते होतं वोन्टची यादी चेअरमनसाहेबांना वाचून दाखवण्याचं. आमच्या गाइडचं म्हणणं होतं की ‘पुढे बघू’ म्हणा, कशाला दुखवता. पण ‘पुढे बघू’ म्हटलं की समोरचा ते ‘हो’ असं ऐकतो आणि शेवटच्या आठवड्यात येऊन विचारतो, ‘माझे आलेख कुठे?’ मी कागद समोर ठेवला, तिन्ही मागण्या वाचल्या आणि त्यांचे 23 दिवस कुठल्या मस्टमधून काढायचे ते त्यांनाच विचारलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि खाली सही केली. आलेख गेल्याचं वाईट वाटलंच त्यांना, पण फसवणूक झाल्यासारखं वाटलं नाही.

आता सुरुवातीला म्हटलेलं ते पान. आपल्या रिपोर्टच्या साच्यात ‘फंक्शनल रिक्वायरमेंट्स’ अशी यादी असते. एक ते वीस नंबर, सगळ्या मागण्या सारख्याच ठळक. व्हायव्हाला ‘यातलं काय झालं नाही?’ असं विचारलं की आपण ‘फ्यूचर स्कोप’ म्हणून हसतो. माझी सरांना आणि मॅडमना विनंती आहे की प्रोजेक्टच्या पहिल्याच रिव्ह्यूला एक पान सक्तीचं करा, ‘या वेळी नाही’चं पान. प्रत्येक मागणीपुढे तिचे दिवस, ती नसताना कसं भागतं ते, आणि खाली जो वापरणार आहे त्याची सही. फ्यूचर स्कोप शेवटी सुचतो, हे पान सुरुवातीला लिहावं लागतं, फरक तेवढाच. आणि मागण्या गोळा करायला जाणाऱ्या ज्युनिअर्सना इतकंच सांगेन की ‘काय पाहिजे’ हे विचारून झालं की उठू नका. ‘काय नसलं तर अडतं’ हे विचारा. आणि तेही खुर्चीत बसलेल्यांना विचारून थांबू नका, कॅन घेऊन रांगेत उभे असलेल्यांनाही विचारा.